बाई, झालं!

आमच्या शाळेत दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा काय ऐकू येतं असं कुणी विचारलं, तर मी "बाई, झालं!" हेच सांगेन. मी पहिलीच्या तिघांजवळ बसून ‘क’ला काना लावत असते आणि पाठीमागून तिसरीतला आवाज येतो. दोन मिनिटांनी चौथीतून, "बाई, आमचंपण झालं." दुसरीतलं कुणीतरी काहीच न बोलता पाटी छातीशी धरून माझ्या खांद्याशी येऊन उभं राहतं. त्या उभं राहण्याचाही अर्थ तोच. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे शब्द ऐकले की मला बरं वाटायचं. पोरं कामाची आहेत, दिलेलं पटापट उरकतात, असं वाटायचं. आता ते कानावर आले की मी आधी घड्याळ बघते. काम देऊन चार मिनिटंसुद्धा झालेली नसतील, तर चूक माझी असते. मी दिलेलं काम चार मिनिटांचंच होतं, आणि पुढची पंधरा मिनिटं ते मूल माझी वाट बघत बसणार असतं.

शाळा भोर तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर आहे. पहिली ते चौथी, पट सतरा. पहिलीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत चार, चौथीत पाच. शिक्षक दोन. कागदावर तिसरी-चौथी सरांकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे. पण मुख्याध्यापकाचा पदभार सरांकडे असल्यामुळे केंद्राची बैठक, तालुक्याला द्यायची माहिती, प्रशिक्षण, मतदार यादीचं काम हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं. त्या दिवशी शाळा एकशिक्षकी होते. पावसाळ्यात तर एक खोली गळते म्हणून सर असले तरी चारही वर्ग एकाच खोलीत असतात.

सतरा मुलं आणि दोन शिक्षक हे प्रमाण ऐकून शहरातल्या शाळेत शिकवणारी माझी मावसबहीण म्हणाली होती, "अगं, आमच्याकडे एका वर्गात पंचावन्न असतात." तिचं म्हणणं खोटं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतसुद्धा पाचवीपर्यंतच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं गणित आहे. त्या आधी १९८७ साली खडू-फळा मोहीम आली, तिनंही निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक एवढंच मागितलं होतं, आणि ज्या शाळा तोवर एकाच शिक्षकावर चालत होत्या त्यांना ते फार मोठं होतं. पण ही सगळी गणितं मुलं मोजतात, इयत्ता मोजत नाहीत. पंचावन्न मुलांच्या वर्गात एका वेळी एकच पुस्तक उघडलेलं असतं. माझ्यासमोर सतरा मुलांची चार पुस्तकं उघडलेली असतात. पहिली-दुसरीला भाषा, गणित, इंग्रजी, आणि तिसरी-चौथीला त्यात परिसर अभ्यास मिळवला की चौदा विषय होतात. चित्रकला, कार्यानुभव, खेळ वेगळेच. दिवसाच्या तासिका आठ. चौदा आठांत बसत नाहीत, वेळापत्रक कसंही आखलं तरी बसत नाहीत. म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ प्रत्येक मूल माझ्याविना असतं. चारही वर्ग माझ्याकडे असले की चाळीस मिनिटांच्या तासिकेत एका वर्गाच्या वाट्याला मी दहा मिनिटं येते. उरलेल्या तीस मिनिटांत ते मूल काय करतं, यावर आमची सगळी शाळा उभी असते.

डी.एड.ला असताना आम्हाला बहुवर्ग अध्यापन शिकवलं होतं. शाळेत आल्यावर कळलं की याला सगळे ‘जोडवर्ग’ म्हणतात. टाचणात एका वर्गासमोर ‘प्रत्यक्ष अध्यापन’ लिहायचं आणि दुसऱ्यासमोर ‘स्वयंअध्ययन’. प्रत्यक्ष अध्यापनाचा रकाना मोठा, त्यात हेतू, साहित्य, कृती, प्रश्न. स्वयंअध्ययनाचा रकाना बोटभर. त्यात मी वर्षानुवर्षं लिहीत आले, ‘पाठ ७ पाहून लिहा’, ‘पाढे लिहा’, ‘शुद्धलेखन’. बाईंच्या वेळाची आखणी असायची, मुलांच्या वेळाची नसायची.

याची किंमत मला एका मुलानं दाखवली. तो तिसरीत होता. अक्षर मोत्यासारखं. सर बैठकीला गेले की मी तिसरीला एक पाठ पाहून लिहायला द्यायचे. बाकीचे कुरकुरायचे, पण हा दोन-दोन पानं एकही रेघ न चुकता लिहायचा. त्याची वही मी केंद्रप्रमुखांना कौतुकानं दाखवली होती. दिवाळीनंतर एकदा सहज त्याच वहीतलं त्यानंच लिहिलेलं पान उघडून म्हटलं, "वाच बरं." तो पानाकडे बघत राहिला. मग ‘झाड’ हा शब्द त्यानं ‘झ... ड’ असा सोडवला. पुढची ओळ नाही. मी पान उलटलं, पुस्तक बदललं, दुसरीचं पुस्तक दिलं. त्याला जोडाक्षरं तर सोडाच, वेलांटी आणि मात्रा यांतला फरकसुद्धा वाचताना कळत नव्हता. तो लिहीत नव्हता, चित्र काढत होता. दीड वर्षं तो शांत बसून चित्र काढत होता आणि मी त्याला सगळ्यात गुणी विद्यार्थी समजत होते, कारण तो ‘झालं’ म्हणून मला हाक मारत नव्हता.

त्या दिवसापासून मी पाहून लिहिणं हे काम म्हणून देत नाही. आणि टाचणाचा तो बोटभर रकाना आता माझ्या वहीत सगळ्यात मोठा आहे. मी नसताना चालणाऱ्या कामाला काय लागतं, हे हळूहळू लक्षात आलं. पहिली-दुसरीच्या मुलांना सूचना वाचता येत नाहीत, म्हणून त्यांचं काम सूचनेत असून चालत नाही, ते वस्तूत असावं लागतं. त्या वस्तू समोर ठेवल्या की काय करायचं ते हातांना कळलं पाहिजे. मोठ्यांच्या कामात आपलं बरोबर आहे की चूक हे मला न विचारता त्यांना तपासता आलं पाहिजे, नाहीतर दर उदाहरणाला रांग लागते. आणि काम संपताच पुढे आणखी करण्यासारखं त्याच कामातून निघालं पाहिजे.

हे बोलायला सोपं आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यातल्या एका दिवसाची वजाबाकी सविस्तर सांगते.

सर तालुक्याला गेले होते. पटावरची दोन मुलं लावणीमुळे आली नव्हती, पंधरा हजर. मी त्या दिवशी चाळीस मिनिटांच्या तासिका बाजूला ठेवल्या आणि अकरा ते साडेबारा अशी दीड तासाची एकच गणिताची वेळ घेतली. चारही वर्ग एकाच विषयात असले की माझं डोकं सारखं एका पुस्तकातून दुसऱ्यात उडी मारत नाही, आणि एका गटाशी बोललेलं दुसऱ्याच्याही कानावर उपयोगाचं पडतं. साहित्य एकच, खराट्याच्या काड्या. बोटभर लांबीच्या सारख्या कापलेल्या, दहा-दहाच्या जुड्यांना रबर लावलेलं, आणि दहा जुड्यांचा एक गठ्ठा सुतळीनं बांधलेला. एक काडी म्हणजे एकक, जुडी म्हणजे दशक, गठ्ठा म्हणजे शतक.

पहिली दहा मिनिटं सगळी मुलं गोल बसली. मी पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हटलं, "बावन्न आहेत. मला सत्तावीस द्या." सुट्या दोनच, मागितल्यात सात. चौथीतली पोरं गप्प बसली, कारण त्यांना मी आधीच खूण केली होती. दुसरीतली एक मुलगी जुडीकडे हात नेऊन थांबली आणि म्हणाली, "बाई, रबर काढू?" तिला रबर काढू दिलं. काड्या बारा झाल्या. सात बाजूला, पाच उरल्या. चार जुड्यांतल्या दोन दिल्या, दोन उरल्या. पंचवीस. ‘हातचा’ हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही. रबर निघालं, एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

मग फुटाफूट. पहिलीच्या तिघांना एक जुडी आणि एक वाटी. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं दहांतल्या काही काड्या वाटीखाली लपवायच्या, बाहेर उरलेल्या बघून लपलेल्या किती ते सांगायचं, मग वाटी उचलून बघायचं. हा खेळ वजाबाकीच आहे, आणि वाटी उचलली की उत्तर समोर असतं, बाईंची गरज नाही. पाच मिनिटं त्यांच्यात बसून खेळ लावून दिला. पुढे त्यांचा अर्धा तास मला मिळाला. खेळ मुरला की ती बारा काड्या घेतात, मग पंधरा. ते मी सांगत नाही.

चौथीला फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एकच ओळ लिहिली होती. ‘ज्याचं उत्तर २३७ येईल अशी वजाबाकीची तीन शाब्दिक उदाहरणं तयार करा. ती तिसरीला सोडवायची आहेत.’ पाच मुलं आणि भरपूर वाद. उत्तर देऊन उदाहरण करायला सांगितलं की चार मिनिटांत ‘झालं’ होत नाही. आणि ते खरोखर कुणीतरी सोडवणार आहे म्हटल्यावर भाषा आपोआप नीट करावी लागते. एका गटानं ‘सोसायटीत ५०० पोती होती, काही विकली, २३७ उरली’ असं लिहिलं आणि किती विकली ते लिहायलाच विसरले. ते त्यांना पुढे तिसरीच्या मुलांनीच सांगितलं.

मग मी दुसरीजवळ वीस मिनिटं बसले. ती काड्यांवरच होती, लिहिणं नव्हतं. जुडी सोडली की वहीत एका उभ्या रेघेवर काट मारायची आणि दहा टिंबं काढायची, एवढीच नोंद. त्यांच्याकडून उठून मी तिसरीकडे गेले तेव्हा तिथे ४०२ वजा १६५ चाललं होतं. हजर असलेल्या तिघांपैकी दोघांचं उत्तर ३६३.

३६३ हे उत्तर जिथे शिक्षक नसतो तिथे रोज जन्माला येतं. मूल प्रत्येक घरात लहान अंक मोठ्यातून वजा करतं. दोनातून पाच जात नाहीत, तर पाचातून दोन, तीन. शून्यातून सहा जात नाहीत, तर सहा तसेच. चारातून एक, तीन. त्याच्या दृष्टीनं सगळं सुरळीत झालेलं असतं, म्हणून तो ‘झालं’ म्हणतो. वही गोळा करून संध्याकाळी मी त्यावर फुली मारली असती तर त्याला त्या फुलीतून काहीच कळलं नसतं. पण आमच्या तिसरीत आता नियम आहे की उत्तरात वजा केलेली संख्या मिळवून बघायची. ३६३ आणि १६५, ५२८. चारशे दोनमधून काढायला निघालो आणि पाचशे अठ्ठावीस कसे झाले? दोघं एकमेकांच्या वहीत डोकावत बसले होते. मी पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे चूक नव्हती, प्रश्न होता. तिथून माझी पंचवीस मिनिटं खरी कामी आली.

चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या. मधे जुडी एकही नाही. पाच काड्या हव्यात. "जुडी सोड," मी म्हटलं. "जुडीच नाही," तो म्हणाला. मी गप्प राहिले. गप्प राहायला मला फार वर्षं लागली, कारण पाठीमागे आणखी तीन वर्ग असताना उत्तर सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. त्यानं एक गठ्ठा उचलला, सुतळी सोडली, दहा जुड्या मांडल्या. मग त्यांतली एक जुडी सोडली. आता तीन गठ्ठे, नऊ जुड्या, बारा काड्या. शून्याच्या घरावर नऊ कुठून येतो, हे पाठ करून घेतलेल्या पोरांना मोठेपणीही सांगता येत नाही. इथे तो नऊ जमिनीवर पडलेला होता. २३७. आणि मिळवून पाहिल्यावर ४०२.

त्या दीड तासात माझ्या आखणीतली सुमारे वीस मिनिटं मोकळी होती, आणि ती लागलीच. पहिलीतल्या एकाला शू लागली, छताच्या कोपऱ्यातून पाणी यायला लागलं, खिचडीच्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "बाई, आज किती पोरं?" पंधरा. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे दीड किलो. हे गणित आता चौथीतली मुलंच मावशींना सांगतात. मोकळी वेळ न ठेवता केलेली आखणी जोडवर्गात पहिल्या अर्ध्या तासातच मोडते.

एक चूक मात्र मी बरीच वर्षं करत होते, ती वर्गनायकाची. लहान शाळेत मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणं हे आपोआप घडतं आणि चांगलंही असतं. पण चौथीत एक हुशार, समजूतदार मुलगी होती. सर नसले की पहिली तिच्याकडे. ती अक्षरं गिरवून घ्यायची, पाट्या तपासायची, रडणाऱ्याला पाणी द्यायची. मुलं तिला ‘छोट्या बाई’ म्हणायची. फेब्रुवारीत तिला भागाकार घातला तेव्हा तो तिला येत नव्हता. तिच्या वर्गातल्या इतर चौघांना येत होता. सगळ्यात हुशार मुलीचं गणित मी माझ्या सोयीसाठी खर्चून टाकलं होतं. तिच्या आईनं मला एका शब्दानंही विचारलं नाही, उलट "तुमच्यामुळं पोरगी धीट झाली," असं म्हणाली. ते ऐकणं जास्त जड गेलं.

आता चौथीतल्या कुणाकडेही हे काम एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसतं, आणि आठवड्यातून दोनदाच. पाळी ठरलेली, भिंतीवर लिहिलेली. शिकवायलाही द्यायचं ते त्याला स्वतःला नुकतंच कळलेलं. आणि पेन्सिल हातात घ्यायची नाही. मुलं मुलांना शिकवताना पहिली गोष्ट काय करतात, तर समोरच्याची पेन्सिल काढून घेऊन उत्तर लिहून टाकतात. म्हणून आमच्याकडे ‘दाखव’ एवढाच शब्द वापरायचा. "काड्यांवर दाखव." दाखवता आलं तर पुढे, नाही आलं तर मला हाक.

इयत्ता ही गोष्टच मग मला थोडी विरघळल्यासारखी वाटायला लागली. तिसरीतला तो मोत्यासारख्या अक्षराचा मुलगा वाचनात पहिलीचा होता, गणितात चौथीला टक्कर देणारा. मग तिसरीची चटई वेगळी कशासाठी? आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली शाळेनं आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी याचं उत्तर फार पूर्वी काढलं आहे. पाठ्यपुस्तकाचे छोटे छोटे टप्पे करून त्यांची शिडी केली, प्रत्येक टप्प्याचं कार्ड केलं, आणि मूल आपल्या पायरीचं कार्ड स्वतः काढून घेतं. ते पाहून १९९५ च्या सुमारास कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी नलि-कली ही पद्धत सुरू केली. त्यात मुलं इयत्तेनुसार बसत नाहीत, कार्डावर कुणाची मदत लागते त्यानुसार बसतात. शिक्षकाच्या मदतीचा गट, शिक्षकाच्या थोड्या मदतीचा, सोबत्याच्या मदतीचा, सोबत्याच्या थोड्या मदतीचा आणि शेवटी एकट्याचा. शिक्षक मुख्यतः पहिल्या गटात बसतो. माझ्या बोटभर रकान्याला तिथे चार चटया मिळाल्या आहेत.

मी संपूर्ण शिडी करू शकले नाही. सगळ्या विषयांची कार्डं म्हणजे शेकड्यांनी कार्डं, आणि ती फाटतात, हरवतात, भिजतात. एकट्या शिक्षिकेनं रात्री बसून करण्याचं ते काम नाही, त्यामागे पूर्ण यंत्रणा लागते. शिवाय चाचणी येते ती इयत्तेची येते. वाचनात दुसऱ्या पायरीवर असलेल्या तिसरीच्या मुलाला पेपर तिसरीचाच सोडवायचा असतो, आणि त्या दिवशी तो आपल्या पायरीवर नीट चालत होता हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही. याचा मला राग येतो, आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

मी फक्त वजाबाकीची शिडी केली, बारा पायऱ्यांची. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर उदाहरणं, वरून चिकटपट्टी. वाटीखाली लपलेल्या काड्यांपासून सुरुवात, गठ्ठा आणि जुडी दोन्ही सोडावं लागतं ती नववी पायरी. भिंतीवर एक उभी सुतळी, तिला बारा गाठी, आणि प्रत्येक मुलाच्या नावाचा कपड्याचा चिमटा. पायरी पार झाली की चिमटा स्वतः वर सरकवायचा. कोण कुठे अडलंय ते मला दारातून दिसतं. एकाच गाठीवर तीन चिमटे आठवडाभर अडकले की तिथे माझं कार्ड चुकलंय असं मी समजते. आठव्या आणि नवव्या पायरीच्या मधे मला याच कारणानं आणखी दोन कार्डं घालावी लागली.

शिडीचा खरा उपयोग मात्र मला जुलैत कळला. लावणीच्या दिवसांत मुलं आठ-पंधरा दिवस येत नाहीत. पूर्वी ती परत यायची तेव्हा वर्ग तीन पाठ पुढे गेलेला असायचा. मी मधलं भरून काढायला बसले की बाकीच्या तीन वर्गांचं काम थांबायचं, नाही बसले की ते मूल मागे राहायचं, आणि दोन्हीपैकी एक काहीतरी रोज घडायचंच.

त्या दिवशी गैरहजर असलेला तिसरीतला एक मुलगा बाराव्या दिवशी आला. नखांत अजून चिखल होता. दप्तर कोपऱ्यात ठेवून तो थेट भिंतीकडे गेला. चिमटा नवव्या गाठीवर होता, जिथे त्यानं सोडला होता. मी पहिलीत होते. त्यानं खोक्यातून नवव्या पायरीचं कार्ड काढलं, चार गठ्ठे चटईवर मांडले, शेजारी दोन सुट्या काड्या ठेवल्या आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग सुतळीच्या गाठीवर बोट ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"बाई, गठ्ठा सोडू?"